मुलाखतीत दहा मिनिटांचं सादरीकरण: एकच प्रकल्प, कसा मांडावा?

शिवारफेरी
नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातला. बीड जिल्ह्यातल्या एका लहान सामाजिक संस्थेत पाणलोटाचं काम करतो. संभाजीनगरच्या एका मोठ्या संस्थेत जिल्हा समन्वयकाच्या जागेसाठी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. पत्रात असं लिहिलंय की उमेदवाराने पूर्वी केलेल्या एका प्रकल्पावर दहा मिनिटांचं सादरीकरण करावं, त्यानंतर पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं. पॅनेलमध्ये चार जण असतील.

मी आमच्या पाझर तलावातल्या गाळ उपशाचं काम निवडलंय. तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांपैकी, गाळानं निम्मा भरलेला. एक पोकलेन पाच आठवडे चालला, गावातल्या ट्रॅक्टरांनी गाळ शेतात नेला. आकडे असे: ६,००० ट्रॉली, १८,००० घनमीटर गाळ, १ कोटी ८० लाख लिटर साठा वाढला, १८० एकरांना लाभ, विहिरींची पातळी अडीच मीटरनं वर आली.

स्लाइड चोवीस झाल्यात. घरी बोलून बघितलं तर एकोणीस मिनिटं लागली. काय काढू न काय ठेवू कळेना. ज्यांनी असं सादरीकरण दिलंय किंवा ऐकलंय त्यांनी सांगावं.

कॉर्पोरेट_परळीकर
अभिनंदन भावा. साधा हिशोब: एका स्लाइडला एक मिनिट, म्हणजे दहा स्लाइड. पहिली नावाची, दुसरी संस्थेची ओळख, तिसरी ध्येय-उद्दिष्टं, चौथी गावाची माहिती, मग काम, मग फोटो, शेवटी आभार. इंग्रजीत कर, वजन पडतं. आणि आकडे मोठ्या अक्षरात. १ कोटी ८० लाख लिटर हा आकडा बघूनच पॅनेल गार होईल.

हुरडा_पार्टी
पॅनेल गार करायचं असेल तर मे महिन्यात संभाजीनगरला एसी असलेली खोली मागून घे 😄

तूर_सोयाबीन
गाळ टाकायचा इचार चालूय आमचा बी. आमच्याकडं तीन एकर चोपण हाय, पाणी मुरतच नाही. तलावातला गाळ टाकला तर सुधरंल का? एकरी किती ट्रॉल्या लागतेत? जाणकारानं सांगावं.

खडूफळा
तूर_सोयाबीन, धागा मुलाखतीबद्दल आहे हो. पण काळापाषाण काका इथं असतात, ते सांगतील.

शिवारफेरी, परळीकरांच्या हिशोबातल्या पहिल्या चार स्लाइडमध्येच तुमची चार मिनिटं जातील आणि तोपर्यंत तुम्ही काय केलंत हे कुणालाच कळलेलं नसेल. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांचं लक्ष पहिल्या दोन-तीन मिनिटांत ठरतं. मोठ्या माणसांचं काही वेगळं नसतं.

मांजराकाठ
मी सामाजिक संस्थांच्या निवड समित्यांवर बरीच वर्षं बसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पॅनेलसमोर एक कागद असतो. त्यावर चार-पाच रकाने असतात: प्रश्न समजला का, स्वतः काय केलं, परिणाम कसा मोजला, मांडणी, वेळ. प्रत्येक सदस्य आपापले गुण लिहितो. दिवसभरात सहा-सात उमेदवार असतात आणि त्यातले तिघे तरी पाण्यावरच बोलतात, कारण मराठवाड्यात काम करणाऱ्यांकडं पाण्याचाच अनुभव असतो. त्यामुळं "मराठवाड्यात दुष्काळ आहे" हे सांगण्यात दोन मिनिटं घालवू नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरीही जवळपास प्रत्येक सादरीकरणात त्या गाडीचा फोटो असतो.

संस्थेची ओळख एका वाक्यात. तुमची संस्था त्यांना नोकरीवर घ्यायची नाहीये, तुम्हाला घ्यायचंय. म्हणून आधी मला एक सांगा. त्या पाच आठवड्यांत असा कुठला प्रसंग होता, जिथं तुम्ही नसता तर काम वेगळ्या दिशेला गेलं असतं? पोकलेन कुणीही लावू शकतो. तुमच्या वर्णनात पोकलेन दिसतो, ट्रॅक्टर दिसतात, तुम्ही दिसत नाही.

वाळूजची_लेक
+१ मांजराकाठ ताई. मी वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला असंच सादरीकरण दिलं. रिजेक्शन निम्म्यावर आणलं होतं, त्यावर बोलले. चौथ्या मिनिटाला एकानं थांबवून विचारलं, "त्या महिन्यांत उत्पादन तेवढंच होतं का?" माझ्याकडं टक्केवारी आणि नग दोन्ही होते म्हणून निभावलं. आकडा सांगितला की लगेच तो कशाच्या तुलनेत, हे विचारतात. तुमच्या विहिरींचं तसंच होणार बघा. पाऊस किती झाला ते विचारतील.

अजून एक. माझ्यासोबत आलेल्या एका उमेदवारानं जुन्या कंपनीची ड्रॉइंग पडद्यावर दाखवली. पॅनेलचे चेहरेच बदलले. उद्या हा आपलीही ड्रॉइंग अशीच दाखवंल, असं त्यांना वाटलं असणार.

शिवारफेरी
मांजराकाठ ताई, तुमच्या प्रश्नावर रात्री बराच विचार केला.

प्रसंग आहे. गाळ नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी करायचा, उपशाचा आम्ही, असं ठरलं होतं. पहिल्या तीन दिवसांत दिसलं की ज्यांच्याकडं स्वतःचा ट्रॅक्टर आहे तेच नेताहेत. गावात ट्रॅक्टर अकरा. बाकीचे वाट बघत उभे. गाळ संपला असता तर लहान शेतकऱ्याला काहीच मिळालं नसतं. मी सरपंचांशी बोलून संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक लावली. असं ठरवून घेतलं की पुढचे आठ दिवस दोन हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्यांचा नंबर आधी, चिठ्ठ्या टाकून. ट्रॅक्टर त्याच अकरा जणांचे, भाडं ट्रॉलीमागं ठरलेलं. त्या बदल्यात ट्रॅक्टरवाल्यांना शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या शेतात हव्या तेवढ्या ट्रॉल्या. दोघं रुसून गेले, नऊ तयार झाले. शेवटी गाळ नेलेल्या ६४ शेतकऱ्यांपैकी ४१ दोन हेक्टरच्या आतले.

पण हे स्लाइडमध्ये नाहीये. मला वाटलं हे गावातलं राजकारण, पॅनेलला काय सांगायचं.

मांजराकाठ
अहो, हेच तर सांगायचं! जिल्हा समन्वयक दिवसभर हेच काम करतो. तुम्ही ट्रॅक्टरवाल्यांना बाजूला न सारता त्यांचा फायदा शिल्लक ठेवून नंबर बदलला, हा त्या चोवीस स्लाइडपेक्षा मोठा पुरावा आहे. दहातली चार मिनिटं याला द्या. तिसऱ्या दिवशी काय दिसलं, तुमच्यापुढं कोणते पर्याय होते, हाच का निवडला, कोण नाराज झालं, शेवटी काय झालं. पर्याय जरूर सांगा. उपसा थांबवता आला असता, संस्थेनं भाड्याचे ट्रॅक्टर लावता आले असते. ते का नाही केलं, हे ऐकताना पॅनेलला तुमची विचार करायची पद्धत दिसते.

कॉर्पोरेट_परळीकर
ताई, मान्य, पण आकडे नको का? गोष्ट सांगून नोकरी मिळत नाही.

काळापाषाण
आकड्यांवर मी बोलतो. लघुपाटबंधाऱ्यात नोकरी गेली माझी. शिवारफेरी, रागावू नका, तुमचे आकडे तपासतो, कारण पॅनेलवर एखादा अभियंता असणारच.

६,००० ट्रॉली गुणिले ३ घनमीटर म्हणजे १८,०००. इथपर्यंत बरोबर. पण ट्रॉलीतला गाळ मोकळा असतो. जमिनीतून काढला की माती फुगते, साधारण पाव हिश्श्यानं तरी. म्हणजे ट्रॉलीत १८,००० भरले तर तलावात पडलेला खड्डा १४,००० ते १४,५०० घनमीटरचा. साठा वाढतो तो खड्ड्याएवढा, ट्रॉलीएवढा नाही. उपशाच्या आधी आणि नंतर तळाची जागोजागची खोली मोजून तलावाचे छेद घेतले होते का? लेव्हल लावली होती का?

दुसरं, साठा म्हणजे पाणी नव्हे. खड्डा झाला, तो भरला का? किती वेळा भरला? पाझर तलाव एका पावसाळ्यात दोनदाही भरतो आणि एखाद्या साली तळ सुद्धा झाकत नाही. शिवाय बारीक गाळानं तळ बुजलेला असतो, तो निघाल्यावर पाणी मुरतं जास्त. तलावात कमी दिवस पाणी दिसलं तरी ते काम वाया गेलं असं नाही.

तिसरं, १८० एकर. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. १८,००० घनमीटर १८० एकरांवर पसरले तर एकरी १०० घनमीटर, म्हणजे अडीच सेंटीमीटरचा थर. हा हिशोब बसल्या जागी होतो. चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर तरी थर नसेल तर हलक्या रानात फार फरक पडत नाही. खरंच १८० एकरांवर टाकला?

तूर_सोयाबीन, चोपणात गाळ टाकू नका. गाळ चिकणाच असतो, निचरा आणखी बसंल. गाळ मुरमाड, हलक्या रानाला. चोपणाला आधी चर काढून निचरा, मग मातीचा अहवाल बघून जिप्सम.

तूर_सोयाबीन
काका लई उपकार झाले. पाच हजाराचं डिझेल वाचलं माझं.

फायनल_इयर_नांदेड
मी पण विचारतो. कॉलेजात कंपनी येणार आहे, "तुमच्या प्रोजेक्टवर दहा मिनिटं बोला" म्हणलेत. आमचा प्रोजेक्ट चौघांचा. मी फक्त सेन्सरचं सर्किट केलं. पण चौघं पण मुलाखतीला चाललो, चौघं पण तेच बोलणार. मग कसं?

वाळूजची_लेक
सर्किटवरच बोल. पूर्ण प्रोजेक्ट एका मिनिटात, मग तुझं सर्किट. कोणता सेन्सर, तोच का, पहिल्यांदा काय चुकीचं रीडिंग आलं, कसं शोधलं. चौघांचं चार वेगळं झालं तर पॅनेललाही बरं वाटेल. दुसऱ्याचा कोड "मी केला" म्हणू नकोस, तिसऱ्या प्रश्नात उघडं पडतं.

शिवारफेरी
काळापाषाण काका, राग कसला. छेद आहेत. आमच्या अभियंत्यानं आधी-नंतर घेतलेत, मापपुस्तिकेत १४,२०० घनमीटर आहे. वार्षिक अहवालात मात्र ट्रॉलीवरून १८,००० छापलंय, मी तोच घेतला होता. १८० एकर म्हणजे त्या ६४ शेतकऱ्यांची एकूण जमीन. प्रत्यक्ष गाळ पडलेलं क्षेत्र रजिस्टरमधून काढलं तर ५२ एकर येतंय.

आता अडचण अशी की अहवाल आमच्या वेबसाइटवरही कुणी वाचला असेल. मी १४,२०० म्हणालो आणि कुणी म्हणालं तुमच्या संस्थेनं १८,००० छापलंय, तर?

काळापाषाण
५२ एकरांवर १८,००० मोकळा म्हणजे एकरी जवळजवळ ३५० घनमीटर, साडेआठ सेंटीमीटर. शेतात पसरताना मोकळाच धरायचा, पुढं तो दबतो. हा खरा वाटणारा आकडा आहे आणि १८० एकरांपेक्षा चांगला आहे. शेतकऱ्यानं टाकला तो नीट टाकला, असं त्यातून दिसतं.

कुणी विचारलं तर सरळ सांगा: १८,००० ही ट्रॉलीतली मोजणी, १४,२०० ही छेदावरची. शेतात किती गेला हे सांगताना पहिली, तलावात जागा किती झाली हे सांगताना दुसरी. म्हणजे १ कोटी ४२ लाख लिटर जागा. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत. ज्याला हे कळतं त्याला पॅनेल काम माहीत असलेला माणूस समजतं.

कॉर्पोरेट_परळीकर
माझं मत वेगळंय. ज्या आकड्यावर वाद होऊ शकतो तो काढूनच टाकावा. दहा मिनिटांत मोजणीची पद्धत समजावत बसला तर पॅनेल झोपेल.

मांजराकाठ
परळीकर, इथं तुम्ही अर्धे बरोबर आहात. पद्धत बोलण्यात समजावू नये. पडद्यावर एकच आकडा, त्याखाली बारीक अक्षरात "उपशापूर्वी व नंतरच्या छेदांवरून". बाकीचा खुलासा प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. पण आकडा काढू नका. ज्या मोजमापाच्या मागं तुम्ही उभे राहू शकता असे दोनच आकडे बोला, पाच नको. शिवारफेरींसाठी मी दोन निवडेन: ६४ पैकी ४१, आणि विहिरींची पातळी. पण विहिरींचं आधी नीट बघायला हवं. शिवारफेरी, अडीच मीटर कुठून आले?

शिवारफेरी
तलावाखालच्या नऊ विहिरी. मे महिन्यात जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली सरासरी ११ मीटर होती, पुढच्या मे मध्ये साडेआठ. म्हणून अडीच. पाऊस दुसऱ्या वर्षी जास्त झाला, हे खरं. तलावाच्या वरच्या अंगाला चार विहिरी आहेत, त्या पण मोजल्या होत्या, कारण ते शेतकरी म्हणायले आमच्या पण मोजा. त्या साडेअकरावरून साडेदहावर आल्या. ते आकडे मी कुठंच वापरले नाहीत.

मांजराकाठ
हे तर फार मोलाचं आहे! वरच्या विहिरींना तलावाचं पाणी मिळत नाही, तरी त्या एक मीटर वर आल्या. तो पावसाचा वाटा समजा. खालच्या अडीच मीटर वर आल्या. मधला दीड मीटर तलावाच्या कामाशी जोडता येतो. "अडीच मीटर वाढ" म्हणालात तर पहिलाच प्रश्न पावसाचा येईल आणि तुम्ही बचावात जाल. "खालच्या नऊ अडीच मीटर, वरच्या चार एक मीटर" असं दोन रेघांत दाखवलंत तर पावसाचा प्रश्न तुम्ही स्वतःच विचारून उत्तर दिलेलं असेल.

काळापाषाण
ताई, थोडं थांबा. दीड मीटर म्हणणं मला घाईचं वाटतं. आपल्याकडचा काळा पाषाण एकसारखा नसतो. वरच्या अंगाला पाणी धरणारा मांजऱ्या खडक कमी खोल असेल, खाली जास्त. त्याच पावसात दोन्हीकडं पातळी सारखी वाढत नाही. विहिरीवरचा पंप किती तास चालतो तेही वेगळं. चार विहिरी म्हणजे फार कमी. माझ्यासारखा कुणी पॅनेलवर असला तर दीड मीटरवर अडवणार.

मांजराकाठ
काका, बरोबर आहे, म्हणून "दीड मीटर तलावामुळं" असं म्हणू नये. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "फरकाचा काही भाग तलावामुळं असावा" इतकंच म्हणावं. पण वरच्या विहिरी दाखवायच्याच नाहीत, हे मला पटत नाही. अपूर्ण तुलना ही तुलनाच नसण्यापेक्षा बरी.

काळापाषाण
मी असतो तर पाणी किती महिने पुरलं ते सांगितलं असतं. शेतकरी तेच सांगतो आणि ते खोटं ठरत नाही.

खडूफळा
पण तेही पावसावरच ना काका? 🙂

हुरडा_पार्टी
मराठवाड्यात सगळंच पावसावर. लग्नाची तारीख सुद्धा.

वाळूजची_लेक
एक महत्त्वाचं राहिलं. शिवारफेरी, फॉन्ट बघा! आमच्याकडं एकजण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी घेऊन आला. त्याच्या लॅपटॉपवर सुंदर, पॅनेलच्या कॉम्प्युटरवर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पहिली तीन मिनिटं त्यातच गेली आणि घड्याळ कुणी थांबवलं नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवा, मेलवरही ठेवा. चार प्रिंट खिशात. लाइट गेली तर कागद वाटून बोलता येतं.

आणि शेतकऱ्यांची यादी मोबाइल नंबरांसह स्लाइडवर असेल तर काढा. फोटोत कुणाचा चेहरा जवळून असेल तर त्यांना विचारलंय का ते बघा.

शिवारफेरी
यादी होती, नंबरांसकट. काढतो. सगळं टायपिंग जुन्या फॉन्टमध्येच आहे, आज परत करतो.

मराठीत की इंग्रजीत? पत्र मराठीत आलंय, पण निधी देणारे मुंबईचे.

कॉर्पोरेट_परळीकर
इंग्रजी. मी आधीच म्हणलो.

मांजराकाठ
पत्र मराठीत आलंय तर मराठीत बोला. जिल्ह्यात काम मराठीतच करायचंय. फक्त फोन करून विचारून घ्या, विचारल्यानं गुण कमी होत नाहीत. पडद्यावरचे आकडे दोघांनाही कळतात.

खडूफळा
वेळेचं सांगतो. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटं म्हणजे हजार-बाराशे. पण हजाराच्या वर लिहू नका, पडदा बदलताना आणि श्वास घेताना वेळ जातो. लिहून काढा, मोठ्यानं वाचा, मग कागद बाजूला ठेवून बोला. पाठ केलेलं बोलू नका. एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं अडकतं.

शिवारफेरी
तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून नवा आराखडा केलाय, बघा.

पहिलं मिनिट: गाव, तलाव, गाळ, आणि शेवट आधीच सांगायचा की ६४ शेतकऱ्यांनी गाळ नेला, त्यातले ४१ लहान. पुढची दीड मिनिटं: काम कसं ठरलं, कोणी काय खर्च करायचा, माझी जबाबदारी कोणती. मग चार मिनिटं: तिसरा दिवस, अकरा ट्रॅक्टर, पर्याय, पारावरची बैठक, चिठ्ठ्या. मग दोन मिनिटं: तलावात झालेली जागा आणि विहिरींच्या दोन रेघा. शेवटचं मिनिट: काय बाकी आहे. अर्धं मिनिट शिल्लक. एकूण सात स्लाइड.

"काय बाकी आहे" मध्ये हे सांगावं का? पाणी दिसल्यावर खालच्या तिघांनी ऊस लावला. त्या पुढच्या मे मध्ये त्यांच्या शेजारच्या विहिरी परत खाली गेल्या.

कॉर्पोरेट_परळीकर
अजिबात नको! स्वतःच्या पायावर धोंडा.

मांजराकाठ
सांगावं, आणि त्याला जोडून तुम्ही काय केलं किंवा पुढं काय कराल तेही. ऊस लावणारा चुकीचा माणूस नाही, त्याला पैसा दिसतो. पण गाळ उपसण्याआधी गावानं पिकांचं ठरवलं नव्हतं, हा खरा प्रश्न. पॅनेलमधला प्रत्येकजण हा अनुभव घेऊन बसलेला असतो. तुम्ही नाही बोललात तर ते विचारतील, "पाणी कुणी वापरलं?"

काळापाषाण
यावर मी ताईंच्या बाजूनं. ऊस न सांगता विहिरींच्या रेघा दाखवल्या तर पहिल्याच वर्षाच्या दाखवाव्या लागतील. ते मला पटणार नाही.

तूर_सोयाबीन
ऊस लावू नका म्हणायला सोपंय. तुरीला भाव काय मिळतो ते बघा आधी.

खडूफळा
त्यावर वेगळा धागा काढा, तिथं सगळेच बोलू.

शिवारफेरी
काल झाली मुलाखत, म्हणून लिहितोय.

पॅनेल दुपारपर्यंत पाऊण तास मागं पडलेलं. आत गेलो तर म्हणाले, "सात मिनिटांत होईल का?" आराखडा पाठ नव्हता, टप्पे डोक्यात होते म्हणून जमलं. दुसरा टप्पा दोन वाक्यांत उरकला, तलावाच्या जागेची स्लाइड न थांबता पुढं सरकवली. पारावरची बैठक आणि विहिरी पूर्ण सांगितल्या, ऊस शेवटी.

प्रश्न: रुसून गेलेल्या दोघांचं पुढं काय झालं, हा पहिलाच. (एक परत आला, एक नाही.) वरच्या विहिरी चारच का, हा दुसरा. काळापाषाण काका, अगदी तुमच्याच शब्दांत. मी म्हणालो की चार पुरेशा नाहीत, पुढच्या कामात गाळ उपसा सुरू व्हायच्या आधीच दोन्ही अंगांच्या दहा-दहा विहिरी ठरवून ऑक्टोबर आणि मे मध्ये मोजीन. तिसऱ्या प्रश्नात एका बाईंनी चिठ्ठ्यांमध्ये बायकांच्या नावावरच्या जमिनी होत्या का ते विचारलं. ते मी कधी मोजलंच नव्हतं, तसं सांगितलं. १८,००० बद्दल कुणी काही विचारलं नाही.

निकाल पंधरा दिवसांनी.

काळापाषाण
दहा-दहा ठीक, पण त्या विहिरींचा थर आणि खोली आधी बघून जोड्या लावा. नाहीतर वीस मोजून पण तोच घोळ.

वाळूजची_लेक
सात मिनिटांवर आलात तरी विहिरी ठेवल्यात, हे छान केलं. मी असते तर पहिल्यांदा त्याच काढल्या असत्या.

फायनल_इयर_नांदेड
मला पण वेळ कमी केला तर काय काढायचं? माझ्याकडं पारावरची बैठक नाहीये, फक्त सर्किटय.

मांजराकाठ
चुकीचं रीडिंग कसं शोधलंस ते ठेव, ब्लॉक डायग्राम काढ. डायग्राम त्यांनी बाकीच्या तिघांकडून पाहिलेलाच असेल.

आणि शिवारफेरी, सातबाऱ्यावरची बायकांची नावं आता मोजून ठेवा. नोकरी इथं लागो वा दुसरीकडं, त्या ६४ च्या यादीतून अर्ध्या दिवसात निघेल.